कड्यात साठलेले अकरा हजार युनिट

दक्षिण फ्रान्समध्ये काडाराश येथे ‘ईटर’ हे अणुसंमीलनाचे प्रायोगिक यंत्र उभे राहत आहे. त्याच्या पोकळीभोवती इंग्रजी ‘डी’च्या आकाराच्या 18 अतिवाहक कॉइल उभ्या मांडलेल्या असून त्या सगळ्या मिळून मेदूवड्यासारखे एक प्रचंड कडे तयार होते. अशा कड्याला टोरॉइड म्हणतात. प्रत्येक कॉइलमध्ये तारेचे 134 वेढे, म्हणजे एकूण 2,412. त्यांतून 68,000 अँपियर प्रवाह नेण्याची योजना आहे.

आत किती चुंबकीय क्षेत्र तयार होईल, हे अँपियरच्या नियमाने काढता येते. कड्याच्या पोकळीतून r त्रिज्येचे वर्तुळ कल्पावे. N वेढ्यांतला प्रवाह I त्या वर्तुळाच्या आतून जातो, म्हणून B = μ₀NI/2πr. ईटरमध्ये मध्यापासून 6.2 मीटरवर हे उत्तर 5.3 टेस्ला येते. मध्याकडे क्षेत्र तीव्र, बाहेरच्या कडेला सौम्य. कड्याच्या बाहेर मात्र ते जवळजवळ नसतेच, आणि हाच टोरॉइडचा मोठा गुण.

क्षेत्र जागोजागी बदलते, म्हणून एका वेढ्यातून जाणारा फ्लक्स काढताना वेढ्याच्या छेदाचे उभे पातळ पट्टे करून बेरीज घ्यावी लागते. छेद आयताकृती असेल, त्याची उंची h आणि आतली-बाहेरची त्रिज्या a व b असेल, तर बेरीज μ₀NIh/2π गुणिले ln(b/a) इतकी होते. हा फ्लक्स एकाच वेढ्याचा झाला. तोच फ्लक्स सगळ्या N वेढ्यांतून जातो, म्हणून एकूण जोडणीसाठी, म्हणजे फ्लक्स लिंकेजसाठी, पुन्हा N ने गुणायचे. विद्यार्थी नेमके इथेच चुकतात. लिंकेजला प्रवाहाने भागले की सेल्फ इंडक्टन्स मिळतो:

L = μ₀N²h ln(b/a)/2π

उत्तरात N चा वर्ग दिसला नाही, तर दुसरा गुणाकार राहून गेला असे समजावे.

प्रवाह वाढवताना कॉइल उलट दाब निर्माण करते. त्याविरुद्ध केलेले काम चुंबकीय क्षेत्रात साठते. प्रवाह शून्यापासून I पर्यंत चढत जातो, म्हणून साठा ½LI² होतो. ईटरच्या या कॉइलमध्ये तो 41 अब्ज ज्यूल असणार आहे. सूत्र उलटे वापरले तर L सुमारे 17.7 हेन्री येतो. विजेच्या बिलाच्या भाषेत हा साठा सुमारे 11,400 युनिट, म्हणजे महिना शंभर युनिट वापरणाऱ्या घराची साडेनऊ वर्षांची वीज.

धोका असतो तो हा साठा रिकामा करताना. कॉइलचा एखादा भाग तापून त्याची अतिवाहकता गेली, तर प्रवाह तातडीने उतरवावा लागतो. पण तो एका सेकंदात शून्यावर आणायचा म्हटले, तर 17.7 × 68,000, म्हणजे बारा लाख व्होल्ट दाब निर्माण होईल आणि कोणतेही आवरण तो सहन करू शकणार नाही. म्हणून ही ऊर्जा काही सेकंदांच्या अवधीत बाहेरच्या मोठ्या रोधकांमध्ये सोडून तिथे तिची उष्णता होऊ दिली जाते.