गाडी आपल्या दारची – भाग ७ : किक मारायच्या आधी

आयर्विन पुलाजवळ कृष्णा ४५ फुटांवर गेली की सांगलीत धोक्याची पातळी. ऑगस्ट २०१९ मध्ये ती ५७ फुटांच्या वर गेली आणि शहरातल्या हजारो गाड्या दारातच बुडाल्या. कऱ्हाडातही कृष्णा-कोयनेने तेच केलं. पाणी ओसरल्यावर प्रत्येक गल्लीत एकच दृश्य: चिखलाने माखलेली मोटारसायकल, तिच्यावर बसलेला मालक आणि किकवर किक. त्या पाण्यातून वाचलेली इंजिनं या किकनेच मोडतात.

१०० सीसीच्या गाडीत पिस्टन वर पोचतो तेव्हा वर जेमतेम १२ मिलिलिटर जागा उरते, म्हणजे चहाचे अडीच चमचे. हवा तेवढ्यात दबून बसते; पाणी दबत नाही. पाणी त्याहून जास्त असेल तर पिस्टन मध्येच अडतो आणि जोर लावला की कनेक्टिंग रॉड वाकू शकतो. सेल्फने तर धोका आणखी.

म्हणून आधी चिखलाची रेघ कुठवर आली ते बघा आणि फोटो काढून ठेवा, विम्याला लागतो. रेघ एअर फिल्टरच्या डब्यापर्यंत असेल तर पाणी आत गेलंय असंच धरा. चावी बंदच ठेवून बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. मग प्लग खोला आणि प्लग नसतानाच किक हळूहळू दाबा. भोकातून गढूळ पिचकारी उडेल, तोंड बाजूला ठेवा. थेंब यायचे थांबेपर्यंत दाबत राहा.

आता गाडी सरळ उभी करून खालचा ऑइलचा नट सोडा. पाणी तळाशी बसलेलं असतं, त्यामुळे आधी तेच येतं, मागोमाग ऑइल. ऑइल काळं आलं तर सुटलात; दुधाच्या चहासारखं आलं तर पाणी त्यात घुसळलं गेलंय. नवं ऑइल भरा, पण महागडं नको, कारण तेही काढायचंच आहे. कार्बोरेटरची वाटी रिकामी करा, टाकीतलं थोडं पेट्रोल पारदर्शक बाटलीत घ्या. पाणी असेल तर खाली वेगळा थर दिसेल. मग टाकी पूर्ण उपसा. फिल्टर आणि प्लग नवे घाला, बॅटरी जोडा आणि मगच किक. चार-पाच मिनिटं नुसती चालू ठेवून ऑइल पुन्हा बदला. ते परत चहासारखं निघालं तर तिसऱ्यांदा. रस्त्यावर नेण्याआधी ब्रेकचे ड्रम उघडून गाळ धुवा, नाहीतर गाडी सुरू होईल पण थांबणार नाही.

चारचाकीत हे घरी करू नका. पाणी सीटपर्यंत आलं असेल तर वायरिंग आणि कंट्रोल युनिटही भिजलेलं असतं. चावी न फिरवता गाडी उचलून गॅरेजला न्या. पाणी गेलेलं इंजिन सुरू करून मोडलं, तर इंजिनाचं जादा संरक्षण नसलेल्या पॉलिसीत कंपन्या सहसा ते नुकसान देत नाहीत. नुसत्या थर्ड पार्टी विम्यात तर पुराचं काहीच मिळत नाही.

(पुढील आठवड्यात : भिजलेली वायरिंग)