हजारातले चारशे दहा

समजा, मराठी पुस्तके वाचून दाखवणारे एक अ‍ॅप आहे. आठवडाभरात त्याच्या नोंदणीच्या पानावर हजार जण आले आणि खाती मात्र चारशे दहाच उघडली गेली. बाकीचे कुठे गळाले? असा प्रश्न पडला की बहुतेक कचेऱ्यांत एकच उपाय सुचतो: सगळेच टिपून ठेवू, पुढे उपयोगी पडेल. मग वय, लिंग, ठिकाण, फोनचे मॉडेल, स्क्रीनवर बोट कुठे फिरले, सारे जमा होऊ लागते. सहा महिन्यांनी नोंदींचा ढीग असतो आणि मूळ प्रश्न होता तिथेच असतो.

वापरणाऱ्याने काही केले किंवा यंत्रणेत काही घडले की त्याची एक छोटी नोंद सर्व्हरवर होते. तिला ‘इव्हेंट’ म्हणतात. कोणते इव्हेंट कधी नोंदवायचे आणि प्रत्येकासोबत काय काय लिहायचे, हे आधी ठरवून ठेवलेला तक्ता म्हणजे इव्हेंट प्लॅन. या तक्त्याचा पहिला रकाना ‘या नोंदीमुळे आपला कोणता निर्णय बदलेल?’ हाच असावा, असे माझे ठाम मत आहे. रकाना भरता आला नाही तर ती ओळ खोडायची. ‘श्रोत्यांचे वय’ या ओळीपुढे कोणालाच काही लिहिता येत नाही, कारण वय कळले म्हणून नोंदणीचे पान बदलणार नसते.

आपल्या अ‍ॅपमध्ये माणूस मोबाइल नंबर देतो, आलेला ओटीपी टाकतो, नाव लिहितो आणि आत जातो. त्यासाठी चार इव्हेंट पुरतात: `signup_viewed`, `otp_requested`, `otp_verified` आणि `signup_completed`. पाचवा हवा तो अपयशाचा. यशाची पायरी कुठे तुटली एवढेच पहिले चार सांगतात. का तुटली ते पाचवा सांगतो.

```json
{
  "event": "otp_failed",
  "flow_id": "r4k9tq2x",
  "attempt": 2,
  "reason": "expired",
  "wait": "over_60s"
}
```

या नोंदीत मोबाइल नंबर नाही. `reason` मध्ये ठरलेल्या तीन-चार शब्दांपैकीच एक येऊ शकतो. तिथे मोकळा मजकूर येऊ दिला की प्रोग्रामर सोयीसाठी अख्खा एरर मेसेजच चिकटवतो, आणि त्या मेसेजात हमखास कोणाचा तरी नंबर असतो. संदेश पोचायला लागलेला वेळही नेमक्या सेकंदांत नको. दहाच्या आत, तिसाच्या आत, साठच्या आत आणि साठच्या वर, एवढे गट पुरे. `flow_id` हा नोंदणी सुरू होताना तयार झालेला अर्थहीन क्रमांक. एकाच माणसाच्या पायऱ्या त्याने जोडल्या जातात, पण तो खात्याशी कधीच जोडायचा नाही आणि नोंदणी संपली की फोनमधून पुसून टाकायचा. तोच माणूस दुसऱ्या दिवशी पुन्हा आला तर दोनदा मोजला जाईल. जाऊ दे. गळती कुठे आहे हे कळायला तेवढी चूक चालते.

नोंद कुठून व्हावी, यावर मात्र आकड्यांचा खरेपणा ठरतो. पान दिसले हे फोनलाच ठाऊक असते, म्हणून ती नोंद फोनने करायची. ओटीपी जुळला की नाही, हे सर्व्हर ठरवतो. ती नोंद सर्व्हरनेच करावी. बटण दाबले की ‘जुळला’ अशी नोंद केली, तर चुकीचा ओटीपी टाकून तीनदा बटण दाबणारा माणूस तीन यशस्वी नोंदण्या दाखवतो. ‘पुन्हा पाठवा’चेही तेच, म्हणून दर पायरीवर इव्हेंट न मोजता वेगवेगळे `flow_id` मोजायचे.

आता आपले हजार जण पाहू. सातशे जणांनी नंबर दिला, चारशे तीस जणांचा ओटीपी जुळला, चारशे दहांनी नाव लिहून नोंदणी पुरी केली. नाव लिहायचा कंटाळा येतो ही कचेरीतली लाडकी समजूत इथेच निकालात निघाली. तिथे वीसच जण गेले. ओटीपीवर दोनशे सत्तर गेले. त्यांतल्या एकशे साठ जणांचा संदेश पोचायला साठ सेकंदांहून जास्त लागले होते. एसएमएस पाठवणारी कंपनी पोच कळवते, त्यावरून सर्व्हरला हे समजते. आणि अ‍ॅपमध्ये ओटीपीची मुदत होती नेमकी साठ सेकंद! संदेश हातात पडेपर्यंत तो शिळा झालेला. मुदत पाच मिनिटे करणे हा एका ओळीचा बदल आहे, आणि त्याच्यासाठी कोणाचे वय, गाव किंवा फोनचे मॉडेल लागले नाही. ज्यांनी नंबरच दिला नाही त्या तीनशे जणांच्या मनात काय होते, हे कितीही इव्हेंट लावले तरी कळणार नाही. चार माणसांना समोर बसवून विचारावे लागेल.

नंबर सरळ नको, पण त्याचा ‘हॅश’ साठवू, म्हणजे तो ओळखता येणार नाही, असे कोणीतरी सुचवतेच. भारतातला मोबाइल नंबर दहा आकडी असतो आणि ६ ते ९ यांपैकी एका आकड्याने सुरू होतो. म्हणजे शक्यता जेमतेम चारशे कोटी. साध्या, झटपट हॅशसाठी घरगुती संगणक तेवढ्या सगळ्या शक्यता थोड्या वेळात तपासून मूळ नंबर काढून देतो. ओटीपी आपोआप भरण्यासाठी सगळे एसएमएस वाचायची परवानगी मागणेही असेच अनाठायी आहे. अँड्रॉइडमध्ये फक्त त्या अ‍ॅपसाठी आलेला संदेश देणारी सोय आहे, तिला ती परवानगी लागतच नाही.

जास्तीची माहिती नेहमी कोणी ठरवून घेतो असेही नाही. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासासाठी युरोपातल्या संशोधकांनी एक लाख लोकप्रिय वेबसाइट तपासल्या. युरोपातून पाहिले तेव्हा १,८४४ साइटवर, माणसाने फॉर्म पाठवण्याआधीच, नुसता टाइप केलेला ईमेल पत्ता बाहेरच्या ट्रॅकिंग कंपन्यांकडे जात होता. अमेरिकेतून पाहिल्यावर हा आकडा २,९५० निघाला. म्हणून प्लॅन तयार झाला तरी एकदा स्वतः खोट्या नंबराने नोंदणी करून, फोनमधून बाहेर जाणारी प्रत्येक नोंद उघडून वाचावी. तक्त्यात नसलेले काही निघाले तर ते बहुधा आयत्या जोडलेल्या एखाद्या सॉफ्टवेअरने पाठवलेले असते.

आपल्याकडच्या २०२३च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात याला जुळणारे एक उदाहरणच दिले आहे. फोनवरून वैद्यकीय सल्ला देणारे अ‍ॅप वापरणाऱ्याची संपर्कयादीही मागते आणि वापरणारी व्यक्ती दोन्हींना संमती देते. तरी ती संमती सल्ल्यासाठी लागणाऱ्या माहितीपुरतीच धरायची, कारण संपर्कयादी त्यासाठी लागत नाही. ‘वापरणाऱ्याने हो म्हटले होते’ एवढ्यावर भागत नाही.

आकडे बरोबर आहेत का, हे ओळखायची एक सोपी खूण आहे. `signup_completed`ची आठवड्याची बेरीज आणि त्या आठवड्यात उघडलेली खाती जवळपास सारखी यायला हवीत. बेरीज जास्त असेल तर कुठेतरी दुहेरी मोजणी होते आहे. कमी असेल तर नोंदी वाटेत हरवताहेत. ओटीपीची मुदत बदलल्यावर `wait` अजून चार आठवडे ठेवायचा, एकशे साठांचा आकडा खाली आला का ते पाहायचे आणि मग तो कोडमधून काढून टाकायचा. तक्त्याच्या शेवटच्या रकान्यात ती तारीख आणि काढणाऱ्याचे नाव पहिल्या दिवशीच लिहिलेले असते.