धरणाचा हिशेब : वटाव दराविषयी चार गैरसमज

पाटबंधारे प्रकल्पाच्या अहवालात लाभ-व्यय गुणोत्तराचा आकडा असतोच. तो एकाच्या वर दिसला की योजना समाजाला परवडते, असं मानलं जातं. हा आकडा कसा घडतो ते एका काल्पनिक योजनेवरून पाहू. खर्च १०० कोटी, तोही चार वर्षांत दरसाल २५ कोटी. पाचव्या वर्षापासून पुढची ५० वर्षं, देखभाल-दुरुस्ती वजा जाता, दरसाल १२ कोटींचा लाभ.

गैरसमज १ : पाणीपट्टी वसूल होत नाही, म्हणजे योजना तोट्यात.

वस्तुस्थिती : पाणीपट्टी हा सरकारी तिजोरीचा हिशेब झाला. इंग्रजी अमलात कालव्यांची पारख अशाच परताव्यावर होई. धनंजयराव गाडगीळांनी पुण्याच्या गोखले संस्थेतून गोदावरी आणि प्रवरा कालव्यांचा अभ्यास करून सिंचनाचे शेतीवर आणि परिसरावर होणारे परिणाम मोजले. पुढे १९६४ मध्ये त्यांच्याच अध्यक्षतेखालील समितीने परताव्याऐवजी लाभ-व्ययाची कसोटी सुचवली.

या कसोटीत लाभ म्हणजे शेतीच्या निव्वळ उत्पन्नात योजनेमुळे पडलेली भर. जिथे विहिरीवर आधीच ऊस उभा आहे, तिथला सगळा ऊस कालव्याच्या नावावर मांडता येत नाही. जमिनीचे भाव चढले तर तेही वेगळे धरायचे नाहीत. भाव चढतात ते वाढणाऱ्या उत्पन्नाच्या भरवशावर, म्हणजे तोच लाभ दोनदा मोजल्यासारखं होतं.

गैरसमज २ : वटाव महागाईसाठी लावतात.

वस्तुस्थिती : हिशेबातले खर्च आणि लाभ सहसा एकाच वर्षाच्या स्थिर किमतींत मांडतात, त्यामुळे महागाई आधीच बाजूला झालेली असते. तरीही वटाव लावावा लागतो, कारण आज अडकलेला पैसा दुसऱ्या कामी आला असता आणि उद्याचा लाभ उद्याच मिळणार आहे. आपल्या योजनेत १०० कोटी घालून ५० वर्षांत ६०० कोटी येतात. पण ९ टक्के दराने आजच्या मोलात खर्च ८१ कोटी होतो आणि लाभ उरतो ९३ कोटी. गुणोत्तर जेमतेम १.१५.

गैरसमज ३ : सामाजिक वटाव दर म्हणजे बँकेचा व्याजदर.

वस्तुस्थिती : बँकेच्या दरात महागाई, कर्ज बुडण्याची भीती आणि नफा मिसळलेले असतात. सामाजिक दर ठरवण्याचे मुख्य मार्ग दोन. पहिला विचारतो, हाच पैसा इतरत्र गुंतवला असता तर देशाला किती परतावा मिळाला असता? दुसरा विचारतो, पुढची पिढी आपल्यापेक्षा किती सधन असेल आणि सधनाच्या हातातल्या जादा रुपयाचं मोल आपण किती कमी धरायचं? ब्रिटनचा ३.५ टक्के दर दुसऱ्या मार्गाने आला आहे : १.५ टक्के कालपसंती आणि अनिश्चिततेपोटी, २ टक्के अपेक्षित वाढीपोटी. झपाट्याने वाढणाऱ्या देशात हाच विचार दर वर नेतो.

दर बदलला की निकालही फिरतो. आपल्या योजनेचं गुणोत्तर ५ टक्क्यांना २.०३ येतं, १२ टक्क्यांना ०.८३. म्हणून दर प्रकल्पागणिक सोयीने निवडायचा नसतो, आधीच जाहीर करायचा असतो. १९८३ च्या नितीन देसाई समितीने सिंचन प्रकल्पांसाठी किमान ९ टक्के अंतर्गत परताव्याची शिफारस केली आणि अवर्षणप्रवण भागासाठी ती ७ टक्क्यांवर आणली. ही २ टक्क्यांची सूट म्हणजे न्यायापोटी घेतलेला उघड निर्णय होता.

गैरसमज ४ : गुणोत्तर चांगलं असलं की उशिराची झळ त्यात आलीच.

वस्तुस्थिती : आपल्याकडच्या रूढ पद्धतीत वार्षिक लाभाला वार्षिक खर्चाने भागतात. खर्चात भांडवलावर १० टक्के व्याज, १ टक्का घसारा आणि देखभाल धरतात. आपल्या योजनेत देखभाल १ कोटी मानली तर वार्षिक खर्च १२ कोटी आणि एकूण लाभ १३ कोटी, म्हणजे गुणोत्तर १.०८. पाणी कोणत्या वर्षी शेतात पोचलं, हे या भागाकारात कुठेच येत नाही.

आता समजा पैसा वेळेवर खर्च झाला, धरण भरलं, पण भूसंपादन अडल्यामुळे पोटचाऱ्या चार वर्षं रखडल्या. रूढ गुणोत्तर १.०८ च राहतं. वर्षवार मांडणीत मात्र ९ टक्के दराने लाभ ९३ वरून ६६ कोटींवर येतो आणि गुणोत्तर ०.८१ होतं. खर्च एका रुपयानेही वाढला नाही, तरी योजना तोट्यात गेली. प्रत्यक्षात रखडलेल्या कामाचा खर्चही सहसा वाढतोच.

तेव्हा गावात एखाद्या योजनेचा अहवाल आला की गुणोत्तरावर थांबू नका. खर्च आणि लाभाचा वर्षवार तक्ता मागा, वटावाचा दर कोणता आणि तो कोणी ठरवला ते विचारा. मग शेवटच्या पोटचारीला पाणी चार वर्षं उशिरा आलं तर काय, ते मांडून घ्या. त्या तक्त्यातही जी योजना टिकते, तिलाच आधी पैसा द्यावा.