सगळं उडवू नका : मुलांच्या जुन्या पोस्ट काढताना काय काढायचं, काय ठेवायचं

वस्तीतल्या एक ताई सतरा वर्षांच्या मुलाला घेऊन आमच्या अभ्यासिकेत आल्या. मुलगा बारावी पास. आता पदवीला प्रवेश घ्यायचा आणि अठरा पूर्ण झाली की पोलीस भरतीचा फॉर्म भरायचा, असा बेत. ताईंचं म्हणणं एकच होतं, "याच्या मोबाईलमधलं सगळं उडवून द्या. चौदा एप्रिलच्या मिरवणुकीचे फोटोसुद्धा. नोकरीच्या आड काही यायला नको." मुलगा मान खाली घालून गप्प बसला होता.

सगळं उडवलं की सुटलो, असं वाटतं. प्रत्यक्षात घाईत जे जायला हवं ते राहतं आणि जे राहायला हवं ते जातं. म्हणून आम्ही आधी भीती नेमकी कशाची आहे ते बघितलं. आपल्याकडे पदवीचा प्रवेश मुख्यतः गुणांवर किंवा प्रवेश परीक्षेवर होतो, तिथे सहसा कोणी इन्स्टाग्राम उघडत नाही. खासगी कंपनीत मुलाखतीआधी नाव टाकून शोधणारे असतात. पोलीस भरतीत नेमणुकीआधी चारित्र्य पडताळणी होते आणि तिथे मुख्य प्रश्न असतो, उमेदवारावर गुन्हा दाखल आहे का? त्यामुळे मिरवणुकीच्या फोटोची भीती नव्हती. भीती वेगळ्याच फोटोची होती.

दोन वर्षांपूर्वी एका मित्राच्या वाढदिवसाला चौकात तलवारीने केक कापला गेला. आपला मुलगा मागे उभा राहून हसतोय. असे फोटो फिरले म्हणून महाराष्ट्रात पोलिसांनी शस्त्र कायद्याखाली गुन्हे नोंदवले आहेत. फोटो मित्राने टाकला होता, मुलाला टॅग केलं होतं, आणि याने तोच स्वतःच्या खात्यावरही चढवला होता.

काम सुरू करताना एक गोष्ट ठरवली. मोबाईल मुलाच्या हातात राहील, आई शेजारी बसेल, खासगी मेसेज ती वाचणार नाही. आईने मोबाईल हिसकावला की मूल एक खातं दाखवतं आणि दुसरं लपवतं. इथेही तसंच होतं. हा ठराव झाल्यावरच त्याने सांगितलं, "आई, अजून दोन अकाउंट आहेत." एक टोपणनावाचं इन्स्टाग्राम, आणि एक लहानपणी काढलेलं फेसबुक, ज्याचा पासवर्ड तो विसरला होता.

मग यादी केली. क्रोममध्ये Incognito उघडून त्याचं नाव गावासह, मग प्रत्येक टोपणनाव टाकून शोधलं. ईमेलमध्ये welcome आणि verify हे शब्द शोधले, त्यात विसरलेली नोंदणी सापडते. नंतर प्रत्येक खात्याची प्रत उतरवून घेतली. ही सोय सेटिंग्जमध्ये असते. प्रत आधी घ्यायची, कारण काढलेलं परत हवं झालं तर मागायला जागा उरत नाही.

मग प्रत्येक पोस्टचा निर्णय. तलवारीचा फोटो, शिव्या घातलेल्या कमेंट, परवाना नसताना गाडी पळवतानाची रील आणि जातीच्या दाखल्याचा फोटो, हे सगळं काढायचं. दाखल्यावर पत्ता असतो, तो कुणाच्या हातात जाईल सांगता येत नाही. मिरवणूक, वाचनालय, भाषण स्पर्धा, निळा झेंडा, हे ठेवायचं. आम्ही ताईंना सांगितलं, आपण कोण आहोत हे सांगणं हा गुन्हा नाही. ते पुसलं तर मुलगा एवढंच शिकेल की लाज वाटावी असं काहीतरी त्यात होतं. तिसरा गठ्ठा जपून ठेवायचा. त्याच्या एका पोस्टखाली कोणीतरी जातीवरून घाण लिहिलं होतं. अशी कमेंट उडवण्याआधी लिहिणाऱ्याचं खातं, तारीख आणि लिंक दिसेल असा स्क्रीनशॉट घ्यावा. उद्या तक्रार करायची झाली तर तोच पुरावा.

इन्स्टाग्रामवर स्वतःच्या प्रोफाईलमधल्या Your activity मध्ये पोस्ट आणि कमेंट एकदम बऱ्याच निवडून काढता येतात. पण काढलेली पोस्ट लगेच संपत नाही, ती Recently deleted मध्ये ३० दिवस राहते. तिथूनही काढली की झालं.

टोपणनावाचं खातं पूर्ण बंद करायचं होतं. सेटिंग्जमधल्या Accounts Center मध्ये Personal details, मग Account ownership and control, मग Deactivation or deletion. इथे बरेच जण चुकतात. Deactivate म्हणजे फक्त झाकणं, Delete म्हणजे काढणं. Delete निवडल्यावरही ३० दिवसांची मुदत असते आणि त्या काळात लॉगिन केलं तर विनंती रद्द होऊ शकते. या मुलाने आठव्या दिवशी 'गेलं का बघू' म्हणून उघडलं आणि मोजणी पुन्हा पहिल्यापासून. तेव्हा विनंती टाकली की मोबाईलवरून लॉगआउट करायचं आणि बघायचंच असेल तर दुसऱ्याच्या मोबाईलवरून बघायचं.

जुन्या फेसबुकचा नंबर घरातल्या बंद पडत आलेल्या सिमवर होता. रिचार्ज केल्यावर ओटीपी आला आणि खातं हाती लागलं. सिम कायमचं बंद झालं तर तोच नंबर पुढे दुसऱ्या माणसाला मिळू शकतो. म्हणून सिम सोडण्याआधी खात्यातला नंबर बदलायला हवा.

अवघड भाग मित्राच्या पोस्टचा. टॅग काढता येतो, पण फोटो तिथेच राहतो. मुलगा स्वतः मित्राकडे गेला, "भावा, तुझ्यावरही केस होऊ शकते," असं सांगितलं, आणि मित्राने फोटो काढला. गुगलवर मात्र काढलेल्या पोस्टची ओळ तशीच दिसत होती. मूळ पान गेलं असेल तर गुगलच्या Refresh Outdated Content या पानावर लिंक देऊन ती ओळ काढायला सांगता येते. मूळ पानावर तो मजकूर तसाच असेल तर या मार्गाचा उपयोग नाही.

दोन मर्यादा पक्क्या ध्यानात ठेवायला हव्यात. पोस्टवरून पोलिसांची नोटीस आली असेल किंवा गुन्हा दाखल झाला असेल, तर काहीही काढायचं नाही, आधी वकिलाला भेटायचं. पुरावा नष्ट करणं हा वेगळा गुन्हा आहे. आणि पोस्ट काढली म्हणून फॉर्ममध्ये खोटं लिहिता येत नाही. साक्षांकन नमुन्यात गुन्ह्याबद्दल विचारलं आणि तो लपवला, तर लपवण्यावरूनच नेमणूक जाऊ शकते. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये अवतार सिंग खटल्यात या प्रश्नाचा सविस्तर विचार केला आहे. शिष्यवृत्तीवर अमेरिकेला जाणाऱ्यांचंही तसंच. तिथल्या व्हिसा अर्जात मागच्या ५ वर्षांत वापरलेल्या खात्यांची नावं विचारतात, त्यात बंद केलेलं खातंही लिहावं लागतं.

सव्वा महिन्याने आम्ही दुसऱ्या मोबाईलवरून पुन्हा नाव शोधलं. टोपणनावाचं खातं गेलं होतं, तलवारीचा फोटोही दिसत नव्हता. व्हॉट्सॲपच्या ग्रुपमध्ये तो कुणाकडे उतरवलेला असेल तर ते आपल्या हातात नाही, हेही मुलाला सांगितलं. पहिला निकाल मिरवणुकीचा आला. निळा फेटा बांधलेला मुलगा आणि शेजारी त्याची आई. ताईंनी तो मोठा करून पाहिला आणि म्हणाल्या, "हा राहू दे."