गोळी सुटते तेव्हा

समजा, ठाण्याच्या वैशालीताई दोन वर्षांपासून नैराश्यासाठी पॅरॉक्सेटिनची २० मिलिग्रॅमची गोळी रोज घेतात. गणपतीसाठी कोकणात निघताना सामानाच्या गडबडीत गोळ्यांची पाकिटं घरीच राहिली. गावातल्या मेडिकलवाल्याने चिठ्ठी पाहून मान हलवली. "ताई, ही इथं चालत नाही. मागवतो, पण सोमवारशिवाय नाही यायची." चार दिवसांचा तर प्रश्न, आणि आता मी बरीच आहे, असं म्हणून त्यांनी विषय सोडून दिला.

पहिल्या दिवशी काहीच जाणवलं नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आरतीला उभ्या असताना गरगरलं. तिसऱ्या दिवसापासून मान किंवा नजर पटकन वळवली की डोक्यात विजेचा बारीक झटका बसल्यासारखं व्हायला लागलं. मळमळ, घाम, रात्रभर ठळक आणि विचित्र स्वप्नं, आणि जावेवर विनाकारण चिडून मग स्वतःच रडणं. घरच्यांनी ठरवलं, आजार उलटला. शेजारच्या काकू म्हणाल्या, "बघ, मी म्हणत नव्हते, या गोळ्यांची सवय लागते."

दोघांचंही निदान चुकलं. दोन-चार दिवसांत कुणाचं नैराश्य सहसा उलटत नाही. आणि दारू-तंबाखूची लागते तशी तलफ या औषधांची लागत नाही. माणूस जास्त गोळ्यांच्या मागे धावत नाही. मात्र महिनोन्‌महिने रोज मिळणाऱ्या औषधाशी मेंदू जुळवून घेतो. ते एकाएकी काढून घेतलं, तर मेंदूला नव्याने जुळवून घ्यायला वेळ मिळत नाही, आणि त्या काळात ही लक्षणं दिसतात. औषध थांबवणाऱ्या प्रत्येकालाच त्रास होतो असंही नाही. २०२४ साली 'लॅन्सेट सायकायट्री' या नियतकालिकात अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. त्यात खरं औषध थांबवणाऱ्यांपैकी सुमारे ३१ टक्के लोकांनी काही ना काही लक्षण सांगितलं. पण औषध नसलेली नकली गोळी थांबवणाऱ्यांपैकीही सुमारे १७ टक्के लोकांनी सांगितलं. म्हणजे औषध सुटल्यामुळेच झालेला त्रास साधारण सहा-सात जणांत एकाला. तीव्र त्रास त्याहून बराच कमी जणांना, शंभरात तिघांच्या आसपास.

त्रास कुणाला होईल हे बऱ्याच अंशी गोळी कोणती आहे यावर ठरतं. शरीरातलं औषध निम्म्यावर यायला लागणाऱ्या वेळेला अर्धायुकाल म्हणतात. पॅरॉक्सेटिनचा तो साधारण २१ तास, सर्ट्रालिनचा २६ तास आणि एस्सिटालोप्रॅमचा ३० तासांच्या आसपास. व्हेनलाफॅक्सिनचा केवळ ५ तास आणि त्यापासून शरीरात तयार होणाऱ्या क्रियाशील घटकाचा ११ तास. फ्लुओक्सेटिन मात्र अगदी वेगळं आहे. ते स्वतः काही दिवस टिकतं, आणि त्यापासून तयार होणारा घटक निम्म्यावर यायला आठवडा, कधी दोन आठवडेही घेतो.

वैशालीताईंचा हिशोब यावरून मांडता येतो. शेवटच्या गोळीनंतर पहिल्या चुकलेल्या वेळी शरीरात जेवढं पॅरॉक्सेटिन होतं, त्याच्या निम्म्याहूनही कमी चोवीस तासांनी उरलं, आणि तीन दिवसांनी जेमतेम दहावा भाग. त्यांच्या जागी फ्लुओक्सेटिन घेणारी बाई असती, तर त्या चार दिवसांत तिला बहुधा काही कळलंही नसतं. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात नेमकं हेच तपासलं होतं. बऱ्या झालेल्या रुग्णांची गोळी, त्यांना न सांगता, पाच ते आठ दिवस नकली गोळीने बदलली. पॅरॉक्सेटिन आणि सर्ट्रालिन घेणाऱ्या पुष्कळांना त्रास झाला, फ्लुओक्सेटिन घेणाऱ्यांना फारच कमी. म्हणून या औषधांबद्दल शेजाऱ्याचा अनुभव आपल्या कामी येत नाही. 'मी तर एकदम बंद केली, काही नाही झालं' असं सांगणारा माणूस बहुतेकदा खरंच सांगत असतो, पण त्याची गोळी कुठली होती हे आपल्याला ठाऊक नसतं.

गोळी रोज ठरलेल्या वेळी घ्यायची ती याच कारणाने. आज सकाळी आठला आणि उद्या रात्री अकराला घेतली, तर मधलं अंतर २४ ऐवजी ३९ तासांचं होतं. एस्सिटालोप्रॅम किंवा फ्लुओक्सेटिनला हे निभावतं. व्हेनलाफॅक्सिन घेणाऱ्यांपैकी काहींना मात्र पाच-सहा तासांचा उशीरही डोकं हलकं होऊन कळतो. एक-दीड तास पुढेमागे झाल्याने बिघडत नाही, त्याची धास्ती घेऊ नये. गोळी विसरलात तर साधारण नियम असा: आठवेल तेव्हा घ्या, पण पुढच्या गोळीची वेळ जवळ आली असेल तर चुकलेली सोडून द्या. भरपाई म्हणून दोन एकदम घेऊ नका, त्याने फक्त मळमळ आणि बेचैनी वाढते.

सकाळी की रात्री, हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक रुग्ण विचारतो. औषधाच्या गुणात त्याने फरक पडत नाही. फरक पडतो तो पहिल्या काही आठवड्यांतल्या दुष्परिणामांत. मिर्टाझापिन आणि अमिट्रिप्टिलिन झोप आणतात, त्यामुळे ती रात्रीच देतात. फ्लुओक्सेटिनने अनेकांना तरतरी येते, म्हणून ते सकाळी. मधल्या औषधांचं, म्हणजे एस्सिटालोप्रॅम, सर्ट्रालिन आणि पॅरॉक्सेटिनचं, माणसागणिक बदलतं. कुणाची झोप त्याने उडते, कुणी ऑफिसात दुपारी पेंगतं. झोप उडत असेल तर सकाळी घ्यावी, पेंग येत असेल तर रात्री. मळमळत असेल तर काहीतरी खाऊन घ्यावी; रात्री जेवणानंतर घेतल्याने निम्मी मळमळ झोपेत निघून जाते. उपवासाच्या दिवशी गोळी टाळू नये. आदल्या दिवशी ज्या वेळी घेतली त्याच वेळी, फराळाबरोबर घ्यावी.

वेळ बदलायची झाली तर एका उडीत नको. रात्री नऊची गोळी सकाळी आठला आणायची असेल, तर डॉक्टरांना सांगून रोज दोन-तीन तास अलीकडे सरकवत पाच-सात दिवसांत आणता येते. या सगळ्यात मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते म्हणजे गोळीला आधीपासूनच्या एखाद्या सवयीला बांधणं. सकाळच्या चहाचं भांडं गॅसवर चढतं तेव्हा, किंवा रात्री दार लावताना. औषधशास्त्राच्या दृष्टीने कितीही योग्य वेळ असली, तरी आठवड्यातून दोनदा विसरली जात असेल तर ती वेळ चुकीची. आठवड्याचे सात कप्पे असलेली डबी मेडिकलमध्ये स्वस्तात मिळते. आज घेतली की नाही, हा रोजचा घोळ तिच्यामुळे मिटतो.

आता ठरवून बंद करण्याविषयी. पहिल्यांदा नैराश्य आलेल्या माणसाला बरं वाटू लागल्यावर निदान सहा महिने औषध चालू ठेवायला सांगतात. पुन्हा पुन्हा येत असेल तर दोन वर्षं किंवा जास्त. आपल्याकडे मात्र बंद करण्याची तारीख पुष्कळदा आजार ठरवत नाही. मुलीला बघायला स्थळ येणार म्हणून गोळ्या बंद होतात, दिवस गेल्याचं कळलं की सासू त्याच दिवशी बंद करायला लावते. गरोदरपणात औषध बदलायचं की चालू ठेवायचं याचा निर्णय खरोखर घ्यावा लागतो, पण तो डॉक्टरांबरोबर बसून. त्या आठवड्यांत आईला एकाएकी औषधाविना सोडणं हा सुरक्षित मार्ग नव्हे.

औषध कमी करताना पहिली निम्मी वाट सोपी जाते आणि शेवटची अवघड. याचं कारण मेंदूच्या तपासण्यांतून दिसलं आहे. ही औषधं सेरोटोनिन परत ओढून घेणारे पंप अडवतात. सिटालोप्रॅमच्या २० मिलिग्रॅमला साधारण ८० टक्के पंप अडतात. डोस निम्म्याहून थोडा खाली, ९ मिलिग्रॅमवर आणला तरी सुमारे ७० टक्के अडलेलेच असतात. पण ५ मिलिग्रॅमच्या खाली प्रत्येक मिलिग्रॅमला मोठी घसरण होते. दीड मिलिग्रॅमलाही ३० टक्के अडलेले असतात. एखाद्या जिन्याच्या वरच्या पायऱ्या बुटक्या आणि तळाच्या उंच असाव्यात, तसं हे आहे. 'दहावरून पाच झालं, आता काय उरलं' असं म्हणून तिथून थेट शून्यावर येणारे नेमके तिथे अडखळतात.

तेव्हा वैशालीताईंची गोळी खरोखरच बंद करायची वेळ आली, तर डॉक्टर त्यांना २० वरून १५, मग १०, मग साडेसात, पाच, अडीच असं उतरवू शकतात, आणि प्रत्येक टप्प्यावर दोन ते चार आठवडे थांबू शकतात. टप्प्यात त्रास झाला तर आधीच्या डोसवर परत जायचं आणि पुढचा टप्पा लहान करायचा. कुणाला हे अडीच महिन्यांत जमतं, कुणाला वर्ष लागतं. फार त्रास होणाऱ्यांना काही डॉक्टर आधी फ्लुओक्सेटिनवर नेतात, कारण ते आपलं आपणच सावकाश उतरतं. दोन गोष्टी मात्र घरच्या घरी करू नयेत. एक, 'एक दिवस घे, एक दिवस सोड'. पॅरॉक्सेटिन किंवा व्हेनलाफॅक्सिनच्या बाबतीत असं केलं की औषध रोज चढतं आणि उतरतं, म्हणजे माणूस दर दुसऱ्या दिवशी थोडा थोडा गोळी सुटल्याचाच त्रास भोगतो. दुसरी, हळूहळू विरघळणाऱ्या गोळ्या तोडणं किंवा चुरणं. पाकिटावर एक्सआर, सीआर किंवा ईआर लिहिलेलं असेल तर आधी फार्मासिस्टला विचारा.

उतरताना मन खचल्यासारखं वाटलं, तर तो औषध सुटल्याचा त्रास की आजाराची पुन्हा सुरुवात, हे बरंचसं ओळखता येतं. औषधाचा त्रास डोस कमी केल्यावर काही दिवसांत सुरू होतो. त्यात चक्कर, डोक्यातले झटके, मळमळ अशा पूर्वीच्या आजारात कधीच नसलेल्या शारीरिक गोष्टी असतात, आणि गोळी पुन्हा सुरू केली की बहुधा एक-दोन दिवसांत ओसरतात. आजार परततो तो सहसा काही आठवड्यांनी, हळूहळू, जुन्याच खुणा घेऊन: पहाटे जाग, कशातच रस नाही, जेवणावर वासना नाही. गोळी पुन्हा सुरू करूनही त्याला उतार पडायला आठवडे जातात. डोस बदलला त्या तारखा आणि जाणवलेला त्रास कॅलेंडरवरच लिहून ठेवला, तर डॉक्टरांना दोन मिनिटांत अंदाज येतो.

त्रास सुरू झाल्यावर पुढची अपॉइंटमेंट येईपर्यंत थांबू नका, दवाखान्यात फोन करा. जीव नकोसा वाटतोय असे विचार आले, तर कुणाला तरी त्याच वेळी सांगा. केंद्र सरकारची टेली-मानस ही सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत चालते आणि तिथे मराठीतही बोलता येतं. उलट गोळी सुरू केल्यावर झोप न होताही अंगात भलताच उत्साह, अखंड बडबड, अवाजवी खर्च असं काही दिसलं, तर तेही त्याच दिवशी कळवा. तेव्हा औषध पटकन थांबवावं लागू शकतं, पण कसं आणि किती लवकर, हे डॉक्टरांनाच ठरवू द्या.