गॅलरीतला धूर कुणाचा?

पुण्या-मुंबईच्या जुन्या इमारतींत हा प्रसंग नेहमीचा आहे. समजा, दुसऱ्या मजल्यावर तीन घरांची मिळून एक लांब गॅलरी आहे. मधल्या घरात लिव्ह अँड लायसन्सवर एक तरुण राहतो. रात्री कामावरून आला की तो आधी घरात सिगारेट ओढतो, मग गॅलरीत. शेजारच्या घरात दम्याच्या आजी आहेत आणि वरच्या मजल्यावर सहा महिन्यांचं बाळ. दोन्ही घरांतून मालकाला फोन जातो. मालक दुसऱ्या उपनगरात राहतो, आणि आता बोलणी त्यालाच करायची आहेत.

पहिली चूक इथंच होते. चिडलेला मालक भाडेकरूला फोन करून म्हणतो, "घरात नको, बाहेर जाऊन ओढा." भाडेकरू इमानदारीने गॅलरीत जातो आणि तक्रारी वाढतात. कारण गॅलरी म्हणजे मोकळं मैदान नव्हे. गरम धूर वर चढतो आणि भिंतीला लागून वरच्या खिडकीत शिरतो, बाजूच्या दारातूनही आत येतो. घरात ओढली तर तो दाराखालच्या फटीतून, पाइपांच्या भोकांतून आणि संडास-बाथरूमच्या डक्टमधून वाट काढतो. एक्झॉस्ट फॅन लावला तर तो धूर डक्टमध्ये ढकलतो, आणि डक्ट तर सगळ्या मजल्यांचा एकच असतो.

म्हणून समजूतदार मालक आधी धुराची वाट शोधतो. शेजाऱ्यांना तो आठवडाभर वेळ टिपून ठेवायला सांगतो: किती वाजता वास आला, कुठल्या खोलीत, तेव्हा खिडकी उघडी होती का. एकदा प्रत्यक्ष जाऊन दाराच्या फटीशी आणि पाइपांपाशी पेटलेली उदबत्ती धरली, तर हवा कुठल्या दिशेला ओढली जाते ते डोळ्यांना दिसतं. फटी बुजवल्याने वास कमी होतो, पण थांबत नाही. गॅलरीतल्या धुराला तर बुजवायला फटच नसते.

मग करारनामा काढायचा. 2003 चा तंबाखू नियंत्रण कायदा आणि 2 ऑक्टोबर 2008 पासून लागू झालेले नियम सार्वजनिक जागांसाठी आहेत. आपल्या राहत्या घरात ओढलेली सिगारेट त्यांत येत नाही. मालकाचा खरा आधार म्हणजे करार. ‘शेजाऱ्यांना उपद्रव होईल असे वागणार नाही, सोसायटीचे नियम पाळीन’ अशा अर्थाचं कलम बहुतेक करारांत असतं. सिगारेटचा स्पष्ट उल्लेख नसला, तर मुदतीच्या मध्येच मालकाला एकतर्फी नवी अट घालता येत नाही. पण सामायिक गॅलरी काही एकट्या भाडेकरूला दिलेली नसते, ती सगळ्यांच्या वापराची असते. हा मुद्दा भक्कम आहे आणि तो शांतपणे मांडता येतो.

"तुम्ही सिगारेट सोडा असं मी म्हणत नाही. या गॅलरीत आणि घरात ओढू नका, वरच्या बाळाला त्रास होतोय." बोलण्याची सुरुवात अशी झाली तर निम्मं भांडण टळतं. दुसरी जागा मात्र सांगावीच लागते: सोसायटीची हरकत नसेल तर गच्ची, नाहीतर फाटकाबाहेर. ठरलेलं त्याच दिवशी मेसेजवर लिहून पाठवायचं आणि होकार मागायचा. पुढे वाद झाला तर तोच कागद उपयोगी पडतो.

जर्मनीत अशीच तक्रार सर्वोच्च दिवाणी न्यायालयापर्यंत पोहोचली होती. खालच्या घरातलं जोडपं बाल्कनीत सिगारेट ओढायचं आणि वरच्या जोडप्याला धूर सोसवत नव्हता. खालच्या न्यायालयांनी वरच्यांचा दावा फेटाळला. जानेवारी 2015 मध्ये मात्र न्यायालयाने सांगितलं, की त्रास खरोखर लक्षणीय असेल तर दोन्ही बाजूंच्या हक्कांचा मेळ घालावा लागेल. काही तास बाल्कनी धूरमुक्त, काही तास ओढायला मुभा. वेळापत्रकाची ही तोड आपल्याकडेही मोठ्यांच्या घरांत चालू शकेल. दम्याच्या पेशंटच्या शेजारी मात्र ती अपुरी आहे. तिथं गॅलरी पूर्ण बंदच हवी.

भाडेकरू ऐकतच नसेल तर करारातल्या कलमानुसार लेखी नोटीस द्यायची. तिच्यात तारखा आणि वेळा असाव्यात, नुसतं ‘वारंवार त्रास’ लिहून भागत नाही. वीज-पाणी तोडणं किंवा कुलूप बदलणं हा मार्ग नव्हे. तसं केलं तर मालकच अडचणीत येतो. मुदत संपल्यावरही जागा सोडली नाही, तर महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम 24 खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो.

बहुतेक वेळा गोष्ट तिथवर जात नाही. अकरा महिने संपतात, नवा करार होतो आणि त्यात एक ओळ वाढते: घरात व सामायिक गॅलरीत धूम्रपान करणार नाही. भाडेकरू घर सोडून गेला तर मालकाला एक काम उरतं. धुराचा अंश भिंतींवर आणि पडद्यांवर महिनोन्‌महिने बसून राहतो. त्यामुळे पडदे धुऊन, भिंती पुसून रंग काढल्याशिवाय पुढच्या कुटुंबाला ते घर दाखवता येत नाही.