'ळ'ची जागा

ब्राउझरमधल्या यादीत 'कावळा', 'कास' आणि 'काळ' हे शब्द आहेत. साध्या `sort()`ने त्या लावल्या तर 'काळ' सगळ्यांत वर येतो. आपल्या वर्णमालेत मात्र 'ळ' 'ह'च्याही नंतर येतो. मग असं का?

साधी क्रमवारी अक्षर ओळखत नाही, त्याचा युनिकोड क्रमांक पाहते. 'ळ'चा क्रमांक 2355, 'व'चा 2357. म्हणून 'ळ' आधी. फ्रेंच 'É'चंही तेच होतं. त्याचा क्रमांक 201, 'Z'चा 90, त्यामुळे É ने सुरू होणारं नाव थेट Z च्याही खाली जातं.

उपाय एका ओळीचा आहे:

```js
yadi.sort((a, b) => a.localeCompare(b, 'mr'));
```

`mr` म्हणजे मराठी. आता क्रम 'कावळा, कास, काळ' असा लागतो. 'क्ष' आणि 'ज्ञ'सुद्धा 'ळ'नंतर, अगदी शेवटी जातात. मात्र तुमच्या कोशात 'क्षमा' हा शब्द 'क'खाली असेल, तर हा क्रम त्याच्याशी जुळणार नाही.

`'mr'` लिहायला विसरू नका. ते गाळलं की वाचकाच्या ब्राउझरची भाषा लागू होते, आणि एकच यादी दोघांना वेगळी दिसते. ब्राउझरला मराठीचे नियम ठाऊक नसले तरी चूक दाखवली जात नाही. म्हणून हेच तीन शब्द लावून पाहा: 'काळ' वर राहिला, तर नियम लागलेले नाहीत.